विसरभोळेपणाची तक्रार, एक स्कोअर १५व्या पर्सेंटाइलखाली: रिपोर्टमध्ये काय लिहावं?

प्रश्न: ठाण्यात एका क्लिनिकमध्ये ट्रेनी आहे. पन्नाशीच्या पुढच्या एका बाईंचा न्यूरोसायकॉलॉजिकल रिपोर्ट लिहितेय. तक्रार सौम्य आहे, कामं सगळी करतात. शब्दयादीचा डिलेड रिकॉल १५व्या पर्सेंटाइलच्या खाली आला, म्हणून मी 'स्मृतिदोष आढळला' असं लिहिलं. मॅडमनी निकाल आणि इंटरप्रिटेशन दोन्ही पुन्हा लिहायला सांगितलं. नेमकं काय बदलू?

उत्तर: पेशंटचे आकडे इथे टाकले नाहीत हे बरं केलंत. मीही खऱ्या पेशंटबद्दल लिहीत नाही, दोन-तीन केसेस मिसळून एक उदाहरण करते. आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत.

समजा ऐरोलीच्या ५७ वर्षांच्या बाई आहेत. बी.कॉम., शाळा मराठी माध्यमाची, वाशीला बँकेत नोकरी. वर्षभर नावं आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवून विसरतात. १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी क्रमाने ४, ६, ८, ९ आणि १० शब्द सांगितले. अर्ध्या तासाने ७ आठवले. मग मोठ्या यादीतून ओळखायला सांगितल्यावर १५ पैकी १४ बरोबर ओळखले आणि एकच चुकीचा शब्द घेतला. पर्सेंटाइल असे धरू: एकूण शिकणं १०, डिलेड रिकॉल १२, ओळखणं सरासरीत. आकृती आठवून काढणं ४०. लक्ष आणि वेगाची चाचणी ८. जीडीएस-१५ वर स्कोअर ८, झोप जेमतेम पाच तास, आणि डोकेदुखीसाठी रोज रात्री अमिट्रिप्टिलिन.

आधी तुमचं वाक्य घेऊ. निम्हान्सच्या २००४ च्या बॅटरीत १५वा पर्सेंटाइल ही कटऑफ आहे आणि त्याखालचा स्कोअर 'डेफिसिट' धरतात. म्हणजे तुम्ही ते मनाने काढलेलं नाही. पण या कटऑफचा अर्थ असा की शंभर निरोगी माणसांतली पंधराही तिच्या खाली येतात. बॅटरीत दहा स्कोअर असतील आणि ते एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर निरोगी माणसाचा निदान एक तरी स्कोअर खाली येण्याची शक्यता जवळपास ८० टक्के निघते. प्रत्यक्षात स्कोअर एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे ती कमी होते, तरी भरपूर उरते. म्हणून एकट्या स्कोअरवर 'दोष' लिहिता येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजीच्या २०२० च्या सहमतीपत्रात तर ९ ते २४ पर्सेंटाइलला 'लो अॅव्हरेज' म्हटलंय. स्कोअरला तिथे फक्त 'किती खाली' एवढंच नाव आहे. बिघाड आहे की नाही हे सगळं चित्र पाहून ठरवायचं. दोन पद्धतींत एकाच आकड्याला वेगळं नाव मिळतं, म्हणून कोणती वापरली ते निकालाच्या सुरुवातीला एका ओळीत लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

निकालाच्या भागात फक्त जे दिसलं ते. रिपोर्ट इंग्रजीत जात असेल, तरी वाक्याची घडण अशी हवी: 'पाच फेऱ्यांत शब्द ४ वरून १० पर्यंत वाढले. अर्ध्या तासानंतर ७ आठवले, म्हणजे पाचव्या फेरीच्या ७० टक्के टिकले. ओळखण्याच्या भागात १४ बरोबर, १ चूक.' पर्सेंटाइल कोणत्या वय-शिक्षणाच्या गटाशी तुलना करून काढला, तेही. यादी मराठीत दिली असेल आणि नॉर्म दुसऱ्या भाषेतल्या यादीवरचे असतील, तर हे इथेच लिहायचं, तळटीपेत लपवायचं नाही. शब्द लांब-आखूड किंवा कमी वापरातले असले की स्कोअर हलतो, आणि १२वा पर्सेंटाइल त्या हालचालीत सहज इकडेतिकडे होऊ शकतो.

वागणुकीची नोंदही निकालात येते. या बाई तिसऱ्या फेरीनंतर म्हणाल्या, "मॅडम, आता डोकं चालत नाही." दोनदा सूचना पुन्हा विचारली. ओळखण्याच्या भागात मात्र शब्द ऐकताक्षणी 'हो' म्हणत होत्या. हे शब्दशः लिहून ठेवा, कारण पुढचा अर्थ यावरच उभा राहतो.

आता इंटरप्रिटेशन. मला वाटतं मॅडम इथेच अडल्या असतील. बहुतेक ट्रेनी चाचणीमागून चाचणी घेऊन तेच आकडे शब्दांत पुन्हा लिहितात. वाचणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टला हवं असतं ते असं: माहिती आत गेली का, टिकली का, आणि बाहेर काढताना अडली का? वरच्या उदाहरणात पहिल्यांदा ऐकून ४ शब्दच आत गेले, पण सरावाने वाढले. शिकलेल्यातलं बरंचसं टिकलं. जे आपणहून आठवलं नाही, ते समोर आल्यावर ओळखता आलं. त्यातच लक्ष आणि वेगाचा स्कोअर सगळ्यांत खाली. म्हणून परिच्छेद असा होतो:

'शाब्दिक माहिती शिकणं आणि आपणहून आठवणं अपेक्षेपेक्षा थोडं कमी आहे; साठवण तुलनेने टिकून आहे. हा आकृतिबंध वेगाने विसरण्यापेक्षा लक्ष आणि माहिती बाहेर काढण्यातल्या अडचणीशी अधिक जुळतो. नैराश्याची लक्षणं, अपुरी झोप आणि अँटिकोलिनर्जिक परिणाम असलेलं औषध यांचा त्यात वाटा असू शकतो.'

'जुळतो' आणि 'वाटा असू शकतो' हे शब्द जपून वापरलेत. जीडीएस-१५ वर ८ आला म्हणून नैराश्याचं निदान होत नाही, ती चाळणी आहे. नैराश्य आहे म्हणून दुसरं काही नाही, असंही होत नाही. उतारवयात पहिल्यांदाच आलेली उदासी कधीकधी पुढच्या आजाराची सुरुवात असते.

आता त्याच बाईंना अर्ध्या तासाने फक्त २ शब्द आठवले असते, ओळखताना ८ बरोबर आणि ७ चुकीचे आले असते, आकृतीही आठवली नसती, तर? शिकलेल्यातलं २० टक्केच टिकलं आणि समोर ठेवूनही ओळखता आलं नाही, म्हणजे अडचण साठवणीत. एकाच क्षेत्रातल्या दोन वेगळ्या चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवतायत. तेव्हा 'वेगाने विसरण्याचा आकृतिबंध' असं स्पष्ट लिहायचं, मनःस्थितीमागे दडवायचं नाही.

दैनंदिन कामांची माहिती इंटरप्रिटेशनमध्ये आणायला विसरू नका. सौम्य बिघाड आणि डिमेन्शिया यांतली रेघ तिथेच पडते. 'एडीएल इंटॅक्ट' एवढ्यावर भागत नाही. बँकेत कॅश टॅली होते का, ट्रान्स-हार्बरने एकट्या जातात का, लाइट बिल कोण भरतं, आणि यातलं वर्षभरात काय बदललं? हे मुलीकडून किंवा नवऱ्याकडून वेगळं विचारा आणि कोणी सांगितलं ते लिहा.

शेवटी रेफरलचा प्रश्न. डॉक्टरांनी 'डिमेन्शियाची सुरुवात आहे का?' असं विचारलं असेल तर उत्तर थेट द्या: 'सध्याच्या चाचण्यांत आणि दैनंदिन कामांत डिमेन्शियाला आधार मिळत नाही, सौम्य बिघाडाची शक्यता या एका तपासणीवरून पूर्ण नाकारता येत नाही.' मग शिफारशी: मनःस्थितीचं मूल्यमापन, झोपेची चौकशी (घोरणं धरून), बी१२ आणि थायरॉइड झालं नसेल तर, औषधाचा फेरविचार डॉक्टरांनी करावा. औषध बंद करा असं आपण लिहायचं नाही, पेशंटला तोंडी तर अजिबात सांगायचं नाही. या गोष्टींवर उपचार झाल्यावर ९ ते १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तेव्हा शब्दांची पर्यायी यादी घ्या. तीच यादी दिली तर सरावाने स्कोअर वर जाईल आणि सुधारणा खरी की ओळखीची, हे कळणार नाही. कोणती यादी दिली ते आजच्या रिपोर्टमध्ये नोंदवून ठेवा. पुढच्या वेळी तपासणारी व्यक्ती कदाचित दुसरी असेल.