आई-बाबांचा अमेरिकेचा १० वर्षांचा टूरिस्ट व्हिसा मार्च २०२६ मध्ये संपला. मुलाखत न देता, पोस्टाने पासपोर्ट पाठवून रिन्यू करता येईल का?

मुलाखत टळू शकते, पण मार्च २०२७ च्या आत अर्ज करा. पूर्वी व्हिसा संपल्यावर ४८ महिन्यांपर्यंत सवलत होती, आता फक्त १२. जुना B1/B2 म्हणजे टूरिस्ट व्हिसा पूर्ण मुदतीचा हवा आणि तो मिळाला तेव्हा वय १८ पूर्ण हवं. त्यामुळे लहानपणी व्हिसा मिळालेल्या तुमच्या भावंडांना मुलाखत चुकणार नाही. सप्टेंबर २०२५ पासून वयाची सूटही गेली आहे. आजोबा ८० चे असले तरी त्यांना हेच निकष.

पोस्टाचं मात्र विसरा. DS-160 हा ऑनलाइन व्हिसा अर्ज भरून, फी भरून ‘ड्रॉपबॉक्स’ची अपॉइंटमेंट घ्यायची आणि व्हिसा अर्ज केंद्रात कागद द्यायचे. जुना व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट लागतात.

अपॉइंटमेंट घेताना पोर्टल जे प्रश्न विचारतं त्यांची उत्तरं खरी द्या. मधे कधी व्हिसा नाकारला गेला असेल आणि नंतर तो मिळालाच नसेल, तर सवलत नाही. सगळं नीट असूनही अधिकारी मुलाखतीला बोलावू शकतात, म्हणून विमानाची तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढा.