भाजी नको म्हणणाऱ्या पिल्लाची शी

ताई, मुलगा भाजी खात नाही आणि त्याला कडक शी होते म्हणताय, तर भाजीवरची लढाई सध्या सोडून द्या. आधी बघा, तो पाय आवळून, टाचा उचलून कोपऱ्यात उभा राहतो का? आपल्याला वाटतं जोर लावतोय, पण तो शी रोखून धरत असतो. एकदा दुखलं की मूल घाबरून धरून ठेवतं, आतली शी आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी जास्त दुखतं.

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना दिवसभर दूधच प्यायची. ते अर्ध्या लिटरच्या आत आणलं, तशी भूक लागली आणि पाणीही पोटात जाऊ लागलं. भाजीऐवजी पेअर सालासकट, भिजवलेले सुके प्रून. जेवणानंतर पाच मिनिटं पॉटीवर, पाय जमिनीला टेकलेले. झाली नाही तरी रागवायचं नाही. (हे मला सगळ्यात जड गेलं!)

चड्डीला पातळ डाग दिसले तर जुलाब समजू नका. अडकलेल्या खड्याच्या कडेनं ते झिरपतं. तेव्हा नुसत्या फळांनी भागत नाही, डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतात. ते मनानं बंद करू नका. रक्त, उलट्या किंवा फुगलेलं पोट दिसलं तर लगेच दाखवा.