शेपूट मोजल्याशिवाय थांबू नकोस

धरमपेठेतल्या माझ्या शिकवणीत दरवर्षी कुणीतरी हीच चूक करतं, तूही केलीस. Σ1/n² ची बेरीज करताना पद ०.०००५ पेक्षा लहान झालं म्हणून तू ४५ व्या पदावर थांबलास. उत्तर आलं १.६२३. खरं उत्तर १.६४४९. दुसरा दशांशच चुकला ना बे! पद बारीक झालं तरी उरलेली शेपटी ०.०२२ होती.

पदं धन आणि घटती असली की शेपटी दोन संकलांमध्ये सापडते. इथे N पदांनंतरची शेपटी 1/(N+1) आणि 1/N यांच्यामध्ये असते. नुसत्या बेरजेवर ०.०००५ ची अचूकता हवी, तर जवळपास २००० पदं लागतील. त्याऐवजी दोन्ही सीमांचा मध्य बेरजेत मिळव. मग चूक 1/(2N(N+1)) पेक्षा कमी राहते आणि ३२ पदं पुरतात. उन्हाळ्यात कूलरसमोर बसून हातानेही होईल.

३२ पदांची बेरीज १.६१४१७. सीमा ०.०३०३० आणि ०.०३१२५, मध्य ०.०३०७८. उत्तर १.६४४९५.

मात्र सीमांनुसार उत्तर १.६४४४७ ते १.६४५४२ मध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे तिसरा दशांश ४ की ५, हे एवढ्यावर सिद्ध होत नाही. त्यासाठी N वाढव.