देवघराच्या वरची काजळी: पाणी सर्वांत शेवटी

प्रश्न: आमच्या देवघराच्या वरची भिंत आणि छत उदबत्ती-समईच्या धुराने काळं पडलंय. ओल्या फडक्याने पुसलं तर डाग आणखी पसरला. हे घरच्या घरी निघेल का, की रंगच काढावा लागेल?

उत्तर: बरंचसं निघेल, पण आता त्याला पाणी लावणं थांबवा. मी पुण्यात रंगकामाची कामं घेतो. दसरा-दिवाळीच्या आधी निम्म्या घरांत हेच चित्र असतं, आणि ओलं फडकं सगळ्यांनी आधीच फिरवलेलं असतं. काजळी म्हणजे कार्बनची अतिशय बारीक भुकटी. ती पाण्यात विरघळत नाही. ओलं फडकं लागलं की ती रंगाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते आणि बोटभर डागाचा हातभर होतो.

तुमच्या भिंतीवर बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्या असणार. समई आणि कापूर यांची काजळी काळी आणि कोरडी असते. कापूर तर जळताना भरपूर काळा धूर सोडतो. उदबत्ती आणि धूप यांचा धूर मात्र डिंक, राळ, सुवासिक तेलं असं सगळं घेऊन वर जातो आणि पिवळट-तपकिरी चिकट थर सोडतो. कोरडा कापूस डागावर नुसता टेकवून पाहा. कापूस काळा झाला तर वर भुकटी आहे. कापसाचे तंतू भिंतीलाच चिकटले तर खाली चिकटा आहे. भुकटी कोरडीच काढायची, चिकटा धुवायचा, आणि धुऊनही जे राहतं ते रंगाखाली बंद करायचं. हा क्रम उलटा केला की काम वाढतं.

आधी देव दुसऱ्या खोलीत हलवा, पंखा बंद करा, खाली जुनी चादर पसरा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर मऊ ब्रशचं तोंड लावून ते भिंतीला जेमतेम टेकेल न टेकेल असं फिरवा. केरसुणी नको, ती काजळी दाबून पसरवते. त्यानंतर कणकेचा गोळा. नेहमीच्या कणकेत चमचाभर मीठ घालून पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट मळा, तेल अजिबात नको. हाताला चिकटत नसेल तर जमली. गोळा डागावर दाबायचा आणि उचलायचा, घासायचा नाही. काळी झालेली बाजू आत दुमडून नवी बाजू वर आणायची. गोळा पूर्ण करडा झाला की टाकून दुसरा घ्यायचा. काम झाल्यावर भिंतीवर कणकेचा कणही ठेवू नका, मुंग्या येतात. गंमत म्हणजे मुलं ज्या प्ले-डोशी खेळतात, तो मुळात अमेरिकेत वॉलपेपरवरची कोळशाची काजळी टिपायला केलेला असाच पिठाचा गोळा होता. छतावरही हेच करायचं, फक्त डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावा.

कोरडं काम संपलं की कापसाची परीक्षा पुन्हा घ्या. कापूस जवळजवळ स्वच्छ राहिला तरच पुढे जा.

धुण्याआधी भिंतीवरचा रंग कोणता ते पाहणं महत्त्वाचं. कोपऱ्यात ओलं बोट दहा-बारा वेळा फिरवा. बोटाला पांढरी पूड लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. तो धुतला तर काजळीबरोबर रंगही उतरेल, म्हणून तिथे धुणं सोडून थेट खरवडायला घ्या. बोट स्वच्छ राहिलं तर तो प्लास्टिक पेंट आहे, तो धुता येतो. छताला पीओपी असेल तर फडकं घट्ट पिळूनच वापरा, पीओपी पाणी पितं आणि मग वेगळाच डाग पडतो.

अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाका. हातमोजे घाला, सोडा हात सोलतो. भिंत खालून वर पुसत जा. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते ओघळ मूळ डागापेक्षा हट्टी असतात. फडकं सारखं पिळा. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने सोडा पुसून काढा, नाहीतर नंतर लावलेला रंग नीट धरत नाही. खायचा सोडा चोळणं, व्हिनेगर, ब्लीच यांच्या नादी लागू नका. ब्लीच काजळीला काही करत नाही आणि रंगाचा मात्र रंग उडवतो.

आता जे राहील ते फिकट तपकिरी सावट. इथेच सगळे फसतात. शनिवार पेठेतल्या एका घरी मला बोलावलं तेव्हा तिथे गणपतीच्या आधीच एका रंगाऱ्याने पांढऱ्या इमल्शनचे दोन हात मारले होते. त्या घरच्या आजी रोज तिन्हीसांजेला धूप करायच्या. दिवाळीपर्यंत देव्हाऱ्याच्या बरोबर वर, सुपाएवढं पिवळसर वर्तुळ पुन्हा उमटलं होतं. आजींना वाटलं, धूप जास्त झाला. पण वर्तुळाच्या कडा जुन्या डागाच्याच होत्या. इमल्शन म्हणजे पाण्याचा रंग, त्यातलं पाणी सुकताना खालच्या चिकट थरातलं तपकिरी द्रव्य वर ओढून आणतं. आणखी चार हात मारले असते तरी ते आलंच असतं.

त्या वर्तुळाच्या चारी बाजूंनी वीतभर जास्त जागा घेऊन मी पॉलिश पेपर मारला, सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने पुसलं आणि पूर्ण सुकू दिलं. मग तेलाचा, म्हणजे सॉल्व्हंटवाला, प्रायमर एक हात. डबा घेताना दुकानदाराला हे स्पष्ट सांगा, नाहीतर हातात पाण्याचाच प्रायमर येतो. बोहरी आळीत कोणत्याही रंगाच्या दुकानात हा मिळतो. रात्रभर सुकल्यावर बॅटरीचा उजेड भिंतीला तिरका धरून पाहिलं, तर मधोमध तळहाताएवढी जागा अजून पिवळी होती. तिथे दुसरा हात दिला. तोही सुकून पिवळेपणा दिसेनासा झाल्यावरच इमल्शन लावलं. एका पट्ट्याचा रंग जुन्या भिंतीशी क्वचितच जुळतो, म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवणं बरं.

या प्रायमरला टर्पेंटाइनचा वास असतो आणि त्याची वाफ पेट घेते. तो सुकेपर्यंत, म्हणजे किमान पूर्ण एक रात्र, त्या खोलीत समई, उदबत्ती, कापूर काहीही लावू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा. पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ लागतो, शक्य असेल तर ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहा.

भाड्याचं घर असेल तर आधी कोरडं काम आणि धुणं एवढंच करा. प्रायमर-रंगाचं घरमालकांशी बोलून ठरवा, डिपॉझिटच्या वेळी वाद नको.

पुढे काळं होणं कमी करायचं तर समईची वात काठाबाहेर अगदी थोडीच ठेवा. लांब वात जास्त तेल ओढते, ते पूर्ण जळत नाही आणि ज्योतीच्या टोकाला धूर दिसू लागतो. तो दिसला की वात मागे ओढायची. कापूर देव्हाऱ्यात न जाळता आरतीनंतर ताम्हन खिडकीशी नेऊन ठेवा. वर्षभरातला सर्वांत जास्त काळा धूर त्याचाच असतो.