मेंटेनन्सवर कर नाही, मग नोटीस कसली?

प्रश्न: आमच्या सोसायटीला आयकराची नोटीस आली आहे. सदस्य म्हणतात, आपण नफा कमवत नाही, मग कर कशाचा? सेक्रेटरी म्हणून सभेत काय सांगू?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हेच झालं होतं. तेव्हा सभेत मी साधारण असं बोललो होतो:

"मंडळी, मेंटेनन्स, ट्रान्सफर फी, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस हे आपणच आपल्याला दिलेले पैसे. त्यावर कर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्यंकटेश प्रिमायसेस प्रकरणात सांगितलंय. नोटीस त्यावर नाहीच. ती आहे बँकेतल्या ठेवींच्या व्याजावर, कारण ते बाहेरून येतं.

सिंकिंग फंडाच्या ठेवी आपण सहकारी बँकेत ठेवल्यात. त्यांचं व्याज कलम ८०पी(२)(डी) खाली वजा होतं. राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेतलं व्याज होत नाही, आणि मोबाइल टॉवरच्या भाड्यालाही ही सवलत नाही. आपलं सहकारी बँकेतलं व्याज ३ लाख. टॉवरच्या भाड्यामुळे आपण आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहोत, त्यामुळे वजावट नाकारली तर सेससकट ९३,६०० रुपये जास्त भरावे लागतील. म्हणून उत्तर द्यायचं."

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. एका काकांनी विचारलं, "रिटर्न वेळेत भरलं होतं ना?" खरी मेख तिथेच आहे. ८०एसी कलमानुसार मूळ मुदतीत रिटर्न भरलं नसेल तर ही वजावट मिळतच नाही. ऑडिट होणाऱ्या सोसायटीला ही मुदत ३१ ऑक्टोबर. सरकारने वाढवली तरच पुढे. ऑडिटर लांबवतो, सभा पुढे ढकलली जाते आणि तारीख निसटते.

तेव्हा आधी पोचपावतीवरची तारीख बघा. रिटर्न वेळेत असेल आणि नोटीस १४३(१)(ए) ची, म्हणजे बदल सुचवणारी असेल, तर ३० दिवसांत पोर्टलवर e-Proceedings मध्ये जाऊन Disagree नोंदवा. गप्प बसलात तर तोच बदल पक्का होऊन मागणी येते. बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या. तो घेताना बँक सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे ना, हे तपासा. नुसतं नाव पाहून फसायला होतं. रिटर्नमधलं Schedule 80P ही उघडून बघा. आमच्याकडे व्याज भलत्याच ओळीत भरलं होतं, आणि सगळा गोंधळ त्यातूनच झाला होता.

रिटर्न उशिरा भरलं असेल तर मात्र सदस्यांना खोटी आशा दाखवू नका. विलंब माफ करण्यासाठी कलम ११९(२)(बी) खाली अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि "ऑडिटर गावाला गेला होता" एवढ्यावर ते भागत नाही. तो अर्ज सीएकडूनच करून घ्या.