उतारा आधी घेऊ नका, आणि शेवटालाही ठेवू नका

प्रश्न: बँकेच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या विभागाला २० मिनिटंच मिळतात. आधी आरसी घ्यावी की एरर, क्लोज वगैरे? प्रत्येक प्रकाराला किती वेळ द्यावा?

आधी आरसी, म्हणजे उताऱ्यावरचे प्रश्न, अजिबात घेऊ नका. हे मी ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावरून माझ्या धाकट्या भावाच्या क्लासमधल्या सरांशी माझा चांगलाच वाद झाला होता आणि त्यांनी दिलेलं कारण आजही सगळीकडे ऐकू येतं. "डोकं ताजं असतं तेव्हा पॅसेज उरकून घ्या, सगळ्यात जास्त गुण तिथेच असतात."

जास्त गुण कुठे आहेत यावर क्रम ठरत नाही. कोणता प्रकार ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ खाऊ शकतो, यावर ठरतो. एररच्या वाक्यातली चूक तुम्हाला अर्ध्या मिनिटात दिसते किंवा दिसत नाही; तिथे फार वेळ घालवता येत नाही. उताऱ्याचं तसं नाही. सात मिनिटं दिलीत तर सात घेईल, अकरा दिलीत तर अकरा घेईल, आणि शेवटच्या चार मिनिटांत तुम्हाला एखादाच गुण देईल.

भाऊ घरी मॉक द्यायचा तेव्हा मी शेजारी वही घेऊन बसायचे. प्रत्येक संच सुरू करताना आणि संपवताना स्क्रीनवर उरलेला वेळ किती, तेवढंच लिहायचे. मॉकच्या विश्लेषणात प्रत्येक प्रश्नाचा वेळ दिसतो हे खरं, पण तो फसवा असतो. उतारा वाचायला लागलेला सगळा वेळ पहिल्या प्रश्नाच्या नावावर पडतो. भावाला वाटायचं की उताऱ्यातला पहिलाच प्रश्न अवघड असतो. प्रश्न सरळ होता, त्याच्या खात्यात वाचनाची तीन मिनिटं जमा झाली होती, एवढंच.

एका पेपरची नोंद सविस्तर सांगते, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. ३० प्रश्न होते: उताऱ्यावर ९, परिच्छेदातल्या रिकाम्या जागा भरायच्या क्लोज टेस्टचे ६, वाक्यातली चूक शोधायच्या एररचे ५, उलटसुलट वाक्यं क्रमाने लावायच्या पॅराजंबलचे ५, सुट्या वाक्यातली रिकामी जागा भरायच्या फिलर्सचे ५. सरांच्या सांगण्याप्रमाणे त्याने उताऱ्यापासून सुरुवात केली. उतारा संपला तेव्हा घड्याळात ९ मिनिटं १० सेकंद उरली होती. म्हणजे जवळपास अकरा मिनिटं गेली, आणि त्यातली तीन शेवटच्या दोन प्रश्नांवर: एक "लेखकाचा सूर कोणता", दुसरा "यावरून काय निष्कर्ष काढता येईल". दोन्ही चुकले. मग पॅराजंबलला पाच मिनिटं, उरलेल्या चारमध्ये घाईघाईने क्लोज. एरर आणि फिलर्सचे दहा प्रश्न त्याने उघडलेसुद्धा नाहीत. २० सोडवले, १४ बरोबर, ६ चूक. चुकीला पाव गुण जातो, म्हणून हातात १२.५.

चहा झाल्यावर मी त्याला तेच न पाहिलेले दहा प्रश्न दिले. चार मिनिटांत सोडवले आणि आठ बरोबर आले. परीक्षेत हे आठ गुण "येत नाहीत" म्हणून गेले नव्हते, तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता म्हणून गेले.

ही वही घेऊन मी सरांना भेटले. ते म्हणाले, "ताई, याचं वाचन कमी आहे, वाचनाचा वेग वाढवायला सांगा." वाचनाचा वेग वाढायला महिने लागतात, क्रम आज बदलता येतो. शिवाय नोंदीत वाचनाला तीनच मिनिटं लागलेली दिसत होती. आठ मिनिटं प्रश्नांनी खाल्ली होती. वेग वाढवून वाचनातलं फार तर अर्धं मिनिट वाचलं असतं. सरांना हे पटलं नाही. भावाला पटलं.

मग आम्ही क्रम असा लावला. सुरुवात फिलर्सने, पाच प्रश्नांना साधारण दोन मिनिटं. त्यानंतर एरर, पाच वाक्यांना अडीच मिनिटं. मग क्लोज, तीन मिनिटं. म्हणजे साडेसात मिनिटांत १६ प्रश्न डोळ्यांखालून जातात. त्यातले सगळे सुटत नाहीत, पण "पाहिलाच नाही" असं काही राहत नाही. मग उतारा सात मिनिटं, पॅराजंबल साडेतीन, आणि शेवटची दोन मिनिटं खूण करून ठेवलेल्या प्रश्नांना.

एररबद्दल एकच गोष्ट सांगते. वाक्य एकदा सलग वाचा, मग फक्त क्रियापद शोधा आणि त्याचा खरा कर्ता मागे जाऊन पकडा. कर्ता एकवचनी, मध्ये अनेकवचनी शब्दांची लांब शेपटी आणि त्या शेपटीला जुळवून आलेलं क्रियापद, हा सापळा पुन्हा पुन्हा येतो. 'द लिस्ट ऑफ आयटम्स' नंतर 'आर' आलं की तिथेच चूक आहे. मग काळ, मग शब्दयोगी अव्यय. एवढं करून चूक दिसली नाही तर पुढे जा. तिसऱ्यांदा वाचलंत की बरोबर असलेला भागही चुकीचा वाटायला लागतो आणि उत्तर बिघडतं.

क्लोजमध्ये आधी पूर्ण परिच्छेद रिकाम्या जागांसकट वाचा. अर्धं मिनिट जातं, पण पुढचे प्रश्न पंधरा-वीस सेकंदांवर येतात. पहिल्या रिकाम्या जागेवर थांबून पर्याय घासत बसणाऱ्यांना चौथ्या ओळीत कळतं की परिच्छेदाचा कल नकारात्मक होता, आणि मग मागे जाऊन सगळं बदलावं लागतं.

आता उतारा. तो सगळ्यात शेवटी ठेवायला सांगणारेही पुष्कळ भेटतील, आणि तेही चुकतात. उतारा वाचण्याचा खर्च एकदाच आणि आधी करावा लागतो. तीन मिनिटं वाचण्यात गेली आणि प्रश्नांना एकच उरलं, तर ती तीन मिनिटं पाण्यात. म्हणून नियम असा: घड्याळात सहा मिनिटं तरी उरलेली असतील तरच उतारा वाचायला घ्या. त्याहून कमी असतील तर उतारा वाचूच नका. त्यातले समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न घ्या. तो शब्द असलेलं वाक्य आणि त्याच्या मागचं-पुढचं एकेक वाक्य वाचलं की बहुतेक काम होतं. वेळ पुरेसा असेल तेव्हाही उताऱ्यातला क्रम तसाच ठेवा. आधी शब्दार्थ, मग ज्यांचं उत्तर एका जागी सापडतं ते, मग "खालीलपैकी कोणती विधानं बरोबर", आणि सूर-निष्कर्षाचे सगळ्यात शेवटी. सात मिनिटं संपली की उठा, प्रश्न अर्धवट असला तरी. भावाला सगळ्यात जड हेच गेलं. "ताई, जवळजवळ आलं होतं गं," असं तो म्हणायचा. जवळजवळ आलेल्या उत्तराला गुण नसतो.

पॅराजंबल मी उताऱ्याच्या नंतर ठेवते, कारण त्याचे पाच प्रश्न एकाच मांडणीवर लटकलेले असतात. मांडणी बसली तर पाचही तीस-चाळीस सेकंदांत होतात, नाही बसली तर बहुतेक सगळे जातात. तिथे पहिलं मिनिट फक्त एका कामाला द्या: एकमेकांना चिकटलेली दोन वाक्यं शोधा. समजा ही चार आहेत. अ: "मात्र त्या भिंतीमुळे शेजारच्या किनाऱ्यावरची वाळू ओढली जाऊ लागली." ब: "समुद्रकिनाऱ्यांची धूप हा जुना प्रश्न आहे." क: "ती रोखण्यासाठी अनेक ठिकाणी दगडी भिंत बांधली जाते." ड: "त्यामुळे आता काही जण भिंतीऐवजी झाडं लावण्याचा आग्रह धरतात." अ मधल्या "त्या भिंतीमुळे" ला आधी भिंत हवी, म्हणजे क-अ जोडी पक्की. क मधल्या "ती" ला आधी धूप हवी, म्हणजे ब पुढे. मागे बोट दाखवणारा शब्द नसलेलं वाक्य ब एकटंच, म्हणून तेच पहिलं. ड ला भिंतीचा तोटा आधी कळायला हवा, म्हणून शेवटी. पहिल्या मिनिटात एकही जोडी सापडली नाही तर पूर्ण संच सोडा आणि तो वेळ खूण केलेल्या प्रश्नांना द्या.

सोडायचं की ठोकायचं याचा हिशेब सोपा आहे. पाच पर्याय आणि पाव गुण वजा असेल तर डोळे मिटून ठोकण्यात सरासरी ना फायदा ना तोटा. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर मात्र ठोकणं फायद्याचं. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत ज्या प्रश्नांत दोन पर्याय आधीच बाद केलेत त्यांच्याकडेच परत जा. खूण करताना तेवढ्यासाठीच करा. "नंतर बघू" म्हणून सरसकट खुणा केल्या तर त्या दोन मिनिटांत कुठे जायचं तेच कळत नाही.

या क्रमाने भावाने दिलेल्या त्याच धर्तीच्या एका पेपरात २३ सोडवले, १८ बरोबर, ५ चूक, म्हणजे १६.७५. वाचनाचा वेग होता तेवढाच होता.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे सगळं विभागाच्या आत पुढेमागे जाता येत असेल तरच लागू. पेपरचा साचाही बदलत असतो. पॅराजंबल एखाद्या वेळी येतच नाही, तेव्हा त्याची मिनिटं उताऱ्याला न देता क्लोज आणि एररला द्या. ज्यांचं व्याकरण खरंच कच्चं आहे पण वाचनाची सवय दांडगी आहे, त्यांनी एररच्या आधी क्लोज घ्यावं. कॅटमध्ये या विभागातले बहुतेक प्रश्न उताऱ्यांवरच असतात, तिथे उतारा टाळून सुरुवात करण्यात अर्थ नाही. तिथे प्रश्न कोणता उतारा आधी, एवढाच उरतो. आणि आयईएलटीएसच्या वाचनात ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात आणि चुकीला गुण जात नाहीत, त्यामुळे तिथे एकही जागा रिकामी ठेवायची नाही.

सर अजूनही प्रत्येक नव्या बॅचला "आरसी आधी" सांगतात असं ऐकते. तुमच्या क्लासमध्येही कोणी तसं सांगत असेल, तर वाद घालत बसू नका. पुढच्या मॉकला शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक संचाच्या सुरुवातीला व शेवटी उरलेला वेळ लिहा. संपल्यावर न पाहिलेले प्रश्न घड्याळाशिवाय सोडवा आणि त्यातले किती बरोबर येतात ते मोजा.