परचेसवाल्यांना व्हॉईस नोट पाठवावी का?

प्रश्न: उद्यमबागेत आमचं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे. कोल्हापूर-हुबळीच्या परचेसवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉईस नोट किंवा व्हिडिओ पाठवून ओळख करून द्यावी का? एका मिनिटात कसं बसवायचं?

उत्तर: पाठवा, पण पहिला मेसेज म्हणून नको. अनोळखी नंबरवरून आलेली नोट परचेसवाला ऑफिसात चारचौघांत ऐकत नाही. आधी दोन ओळी लिहा: नाव, काम, नंबर कुणी दिला. त्याचं उत्तर आलं, किंवा मधला माणूस दोघांच्याही ओळखीचा असला, की मग नोट. दर, ड्रॉइंग नंबर, जीएसटी नंबर मात्र लिहूनच द्या. आवाजातला आकडा त्याला शोधता येत नाही, कॉपीही करता येत नाही.

नोट लांबते ती सुरुवातीला. युनिट कधी सुरू झालं, मशिनं किती, हे सांगण्यातच अर्धा वेळ जातो. ते सगळं काढा आणि लिहून घेऊन बोला. सावकाश बोललं तरी साठ-सत्तर शब्द पाऊण मिनिटात बसतात. हायड्रॉलिक सिलिंडरच्या बुशचं काम मागायचं असेल तर असं:

“नमस्कार साहेब, बेळगावहून बोलतोय, उद्यमबागेत सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क करतो. तुमचा नंबर प्लेटिंगवाल्यांनी दिला. तुम्ही सिलिंडरचे बुश बाहेरून करून घेता असं कळलं. आम्ही ब्राँझचे बुश करतो, प्रत्येक नगाचा आतला व्यास बोअर गेजवर तपासतो. एखादं ड्रॉइंग पाठवलंत तर दोन दिवसांत दर आणि नमुन्याची तारीख कळवतो. सध्या गरज नसेल तर तेवढं लिहा, परत त्रास देणार नाही.”

मागणी एकच ठेवा. ड्रॉइंगही द्या, भेटही द्या, फोनही करा म्हटलं की समोरचा काहीच करत नाही.

रेकॉर्डिंग शॉपमध्ये करू नका. कॉम्प्रेसरच्या आवाजात शब्दांची शेवटची अक्षरं बुडतात. काचा लावून उभ्या गाडीत बसा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे श्वास माइकवर आदळत नाही. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं. पाठवण्याआधी एकदा ऐका.

व्हिडिओ तेव्हाच, जेव्हा दाखवण्यासारखं काही असेल. तुमच्या बाबतीत ते म्हणजे बुशमध्ये गेज घालताना सुईची हालचाल. वीस-पंचवीस सेकंद पुरे. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून माप खाली लिहा. मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग किंवा माल दिसत नाही ना, हे आधी बघा. तो दिसला तर उद्या आपलंही असंच बाहेर जाईल हे परचेसवाला लगेच ओळखतो.

टिक निळ्या झाल्या म्हणजे नोट ऐकली असं नाही. नोटेवरचं माइकचं चिन्ह निळं झालं तर ऐकली. चिन्ह तसंच राहिलं तर दुसरी नोट पाठवू नका, तोच मजकूर तीन ओळींत लिहून टाका. हुबळीच्या माणसासाठी नोट कन्नडमध्ये करा. कन्नड अडखळत असेल तर शॉपमधल्या सफाईदार बोलणाऱ्याकडून करून घ्या, पण पुढे फोन आला तर तोच उचलेल असं बघा.